लहान पोराचा कान ठणकतोय: अँटिबायोटिक लगेच द्यायचं की दोन दिवस थांबायचं?

जुलैमधली गोष्ट, रात्री पावणेएकला धाकट्या बहिणीचा फोन आला. ती ऐरोलीला, मी खारेगावात, बाहेर धो धो पाऊस, आणि फोनवर तिच्या आवाजापेक्षा भाच्याचं रडणंच जास्त ऐकू येतंय. "ताई, डावा कान धरून रडतोय गं, अंग पण गरम आहे, फ्रीजमध्ये मागच्या वेळचं अँटिबायोटिक आहे अर्धी बाटली, देऊ का पाच एमएल?"

मी म्हटलं ती बाटली आधी बेसिनमध्ये ओत. पावडरमध्ये पाणी घालून तयार केलेलं ते औषध फ्रीजमध्ये ठेवलं तरी साधारण सात दिवसच चालतं, आणि ही बाटली एप्रिलमधली होती!

मी ठाण्यात एका बालरोग ओपीडीत बारा वर्षं सिस्टर आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण पावसाळा आणि थंडीच्या सुरुवातीला कानाच्या तक्रारी घेऊन येणारी एक ते तीन वर्षांची पोरं रोज बघते, आणि पहिल्यांदाच आईबाबा झालेले लोक दोन टोकांना जातात हे पण रोज बघते. काहींना कान म्हटलं की लगेच अँटिबायोटिक पाहिजे असतं, काही जण तेल टाकून आठ दिवस घरीच बसतात. म्हणून भाच्याच्याच दोन आजारपणांवरून सांगते, एकदा अँटिबायोटिक दिलं नाही आणि एकदा पहिल्या दिवसापासून दिलं, आणि दोन्ही वेळा बरोबरच केलं.

आधी आत काय होतं ते बघू

कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते, तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या भागात उघडते. मोठ्या माणसात ही नळी उतरती असते, लहान पोरात आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली की नळी सुजून बंद होते, पोकळीत पाणी साठतं, आणि नाकातले जंतू त्या साठलेल्या पाण्यात वाढले की पू होतो आणि पडदा आतून बाहेर फुगतो. तो ताण म्हणजे ठणका. पोर आडवं झालं की जास्त दुखतं, म्हणून दिवसभर बऱ्यापैकी खेळणारं पोर रात्री बारानंतर गोंधळ घालतं.

म्हणजे सुरुवात बहुतेक वेळा साध्या सर्दीपासून होते, कानात पाणी गेल्यामुळे नाही. आंघोळीच्या वेळी कानात पाणी गेलं म्हणून आजीला बोलणी बसतात, ती उगाच बसतात.

पायरी पहिली: रात्री फक्त दुखणं थांबवा

रात्री एकला कानाचा डॉक्टर शोधत फिरायची गरज बहुतेक वेळा नसते (कधी असते ते पुढे सांगते). त्या वेळी पोराला पाहिजे असतं पॅरासिटामॉल. एक गोष्ट लोकांना पटत नाही पण खरी आहे, अँटिबायोटिक दिलं तरी पहिल्या चोवीस तासात दुखणं काही त्यामुळे कमी होत नाही. कान दुखणाऱ्या शंभर मुलांपैकी साठेक मुलं चोवीस तासात बरी वाटायला लागतात, अँटिबायोटिक दिलं असो वा नसो. म्हणजे पहिल्या रात्रीचं खरं औषध पॅरासिटामॉलच.

डोस वजनावर असतो, वयावर नाही. किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये निदान सहा तास, दिवसभरात चारपेक्षा जास्त नाही. भाचा तेव्हा 19 महिन्यांचा, वजन 11 किलो, म्हणजे एका वेळेला 165 मिलिग्रॅम. आता इथे गडबड होते ती नीट वाचा. बाजारात पातळ औषध दोन-तीन ताकदीत मिळतं. 5 एमएलमध्ये 120 मिलिग्रॅम असलेलं असेल तर त्याला साधारण 7 एमएल लागेल. पण 5 एमएलमध्ये 250 मिलिग्रॅमवालं असेल तर 3.3 एमएलच. खोके सारखेच दिसतात, रंग सारखाच, चव पण तीच. बहिणीकडे 250 वालं होतं आणि तिला लक्षात होता मागच्या बाटलीचा "सात एमएल", म्हणजे ती दुप्पट डोस देणार होती. मी तिला फोन स्पीकरवर ठेवून टॉर्च लावून लेबल वाचायला लावलं. थेंबांची छोटी बाटली तर अजूनच कडक असते, बऱ्याचदा 1 एमएलमध्ये 100 मिलिग्रॅम, ती चमच्याने कधीच द्यायची नाही. आणि मोजायला किचनमधला चमचा नको, बाटलीबरोबर आलेलं मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या.

आयब्युप्रोफेन पण दुखण्यावर चांगलं चालतं, पण आपल्याकडे जुलै ते नोव्हेंबर डेंग्यूचा सीझन असतो आणि डेंग्यूत ते रक्तस्रावाचा धोका वाढवतं, त्यामुळे ताप असताना डॉक्टरांनी पोराला बघितल्याशिवाय आपल्या मनाने देऊ नका. निमेसुलाइड बारा वर्षांखाली आपल्या देशात 2011 पासून बंद आहे, घरात मोठ्यांसाठी आणलेली गोळी पाव करून देणारे मी बघितलेत म्हणून लिहिलं.

औषध पोटात गेल्यावर पोराला खांद्यावर उभं धरा, डोकं जरा वर राहिलं की ठणका कमी होतो. बहिणीने तसंच केलं, पाऊण तासात तो झोपला.

तेलाचं काय?

मधे बहिणीच्या सासूबाई लसूण घालून खोबरेल तेल कोमट करायला लागल्या होत्या. मी म्हटलं काकू, एक रात्र थांबा. त्यांना राग आला असणार, पण कारणं सांगितली तेव्हा ऐकलं. पडद्यामागे पू असतो, तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं, आत पोचतच नाही. पडदा फुटलेला असेल तर मग ते आत जातं आणि ते तर त्याहून वाईट. आणि तिसरं, जे मला ओपीडीत रोज दिसतं, सकाळी डॉक्टर कानात बघतात तर सगळं तेलाने चकाकतंय, लसणाचा तुकडा पण दिसतो कधीकधी, पडदा दिसतच नाही. आणि पडदा दिसला नाही की थांबायचं की औषध द्यायचं हे ठरवता येत नाही, मग डॉक्टर नाइलाजाने अँटिबायोटिक लिहून मोकळे होतात. केमिस्टकडून आपल्या मनाने आणलेल्या कानाच्या थेंबांचं पण हेच. इअरबड तर कानात घालायचीच नाही.

पायरी दुसरी: सकाळी डॉक्टरांकडे, आणि पडदा बघितलाय ना ते विचारा

कान धरणं, कान ओढणं म्हणजे इन्फेक्शन असं नसतं. दात येताना, झोप आली की, नुसता चाळा म्हणून पण पोरं कान ओढतात. आणि कधी कधी खरं इन्फेक्शन असलेलं पोर कानाला हात पण लावत नाही, फक्त दूध पिताना रडतं कारण गिळताना कानात ताण येतो. त्यामुळे बाहेरून काही कळत नाही, ओटोस्कोपने आत बघायलाच लागतं.

आणि बघितल्यावर काय दिसलं ते महत्त्वाचं. नुसता लाल पडदा पुरेसा नाही, पोर अर्धा तास रडलं की पडदा लाल होतोच, ताप असला तरी होतो. खरं चिन्ह म्हणजे पडदा बाहेर फुगलेला दिसणं, किंवा कानातून नुकताच पू यायला लागणं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारायचं: पडदा फुगलाय का, एका कानाचा की दोन्ही? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. मळ भरलेला असेल तर तो काढून मग बघतात, पोर किंचाळतं, तुम्ही त्याला मांडीवर घेऊन एक हात कपाळावर आणि एक हात दोन्ही हातांवर घट्ट धरायचं, दोन मिनिटांचा प्रश्न असतो. "रडतोय, राहू दे" म्हणून बरेच पालक इथेच माघार घेतात आणि मग तपासणी अंदाजाने होते.

भाच्याला सकाळी अकराला दाखवलं. डावा पडदा थोडा फुगलेला, उजवा एकदम स्वच्छ. ताप 101.

पायरी तिसरी: थांबायचं की नाही हे कशावर ठरतं

इथे अमेरिकेच्या बालरोग संघटनेची 2013 ची नियमावली आहे, आपल्याकडचे बरेच बालरोगतज्ज्ञ पण साधारण तसंच चालतात. चार गोष्टी बघायच्या: वय, एक कान की दोन्ही, त्रास किती, आणि कान वाहतोय का.

सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर थांबायचं नाही, औषध सुरू. कुठल्याही वयात कानातून पू येत असेल तर सुरू. ताप 102.2 किंवा वर असेल, किंवा दुखणं जोरदार असेल, किंवा दुखून 48 तास होऊन गेले असतील तर ते गंभीर धरतात, सुरू. सहा महिने ते दोन वर्षं या वयात दोन्ही कान असतील तर त्रास कमी वाटला तरी सुरू.

मग थांबण्यासारखं कोण उरलं? दोन वर्षांच्या आतलं पोर, एकच कान, त्रास हलका, कान कोरडा. आणि दोन वर्षांच्या वरचं पोर, त्रास हलका आणि कान कोरडा, मग कान एक असो की दोन. यांच्यात 48 ते 72 तास बघू शकतो, पण डॉक्टर आणि आईबाप दोघांनी मिळून ठरवून. टाळू फाटलेला असेल, डाउन सिंड्रोम असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, कानात नळी किंवा कॉक्लियर इम्प्लांट बसवलेलं असेल तर हे थांबणं-बिंबणं त्यांच्यासाठी नाही.

"त्रास हलका" कसा ओळखायचा हा प्रश्न सगळे विचारतात, कारण रात्री एकला कुठल्याच आईला तो हलका वाटत नाही. मी काय बघते, तर पॅरासिटामॉल दिल्यावर तासाभरात पोर शांत होतं का, मधल्या वेळात खेळण्याकडे बघतं का, दोन घास खातं का. औषध देऊनसुद्धा सतत रडत असेल, हात लावू देत नसेल, तर तो हलका नाही. आणि ताप काखेत मोजत असाल तर तो खऱ्यापेक्षा जरा कमी दिसतो हे लक्षात ठेवा, डॉक्टरांना सांगताना "काखेत 101" असं सांगा.

भाचा 19 महिन्यांचा, एकच कान, औषधाने शांत होत होता, कान कोरडा. डॉक्टर म्हणाले दोन दिवस बघू शकतो, चालेल का? माझे भावोजी लगेच, "म्हणजे औषधच नाही?" त्यांना वाटलं फी घेऊन रिकाम्या हाताने परत पाठवतायत.

पायरी चौथी: थांबणं म्हणजे काय करायचं

थांबण्याचा अर्थ विसरून जाणं नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहूनच दिली, वर तारीख आणि वेळ लिहिली: शुक्रवार सकाळी अकरापर्यंत बरं नाही वाटलं तर सुरू करा, आणि त्याआधी बिघडलं तर लगेच फोन. तुमच्या डॉक्टरांनी अशी चिठ्ठी दिली नाही तर मागा. कारण पावसात शुक्रवारी रात्री विटाव्याला पाणी भरलंय आणि क्लिनिक बंद आहे असं झालं तर काय करणार?

त्या दोन दिवसात पहिले चोवीस तास तरी पॅरासिटामॉल दर सहा तासांनी ठरलेल्या वेळेला द्या, रडायची वाट बघत बसू नका. बहिणीने फ्रीजवर कागद लावला, वेळ, ताप, डोस, किती खाल्लं. एवढं साधं, पण त्यामुळे तिची आणि भावोजींची "तू दिलंस का मी दिलं" ही भांडणं झाली नाहीत आणि डबल डोस पण गेला नाही. कागद असा होता: बुधवारी रात्री दोनदा उठला, ताप 101.4. गुरुवारी दुपारी ताप 100, अर्धी वाटी वरणभात खाल्ला. गुरुवारी रात्री दहाला झोपला तो पहाटे पाचलाच उठला. शुक्रवारी ताप नाही, केळं मागितलं.

सर्दीचं मिक्स औषध, ते झोप आणणारं आणि नाक सुकवणारं, यात काही कामाचं नाही, कानातलं पाणी त्याने आटत नाही, आणि आपल्याकडे चार वर्षांखाली ते देऊ नये असंच आहे. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब, खाण्या-झोपण्याआधी, बस. दुधाची बाटली आडवं झोपवून द्यायची नाही, ही सवय या निमित्ताने मोडता आली तर बघा. आणि घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर बाल्कनीत नाही, खाली बिल्डिंगच्या बाहेर, धुराने ही कानाची नळी अजून सुजते.

शुक्रवारी अकराला बहिणीने डॉक्टरांना फोन करून सांगितलं. चिठ्ठी फ्रीजच्या मॅग्नेटखालीच राहिली.

लगेच न्यायचं कधी

48 तास मोजत बसायचं नाही अशी काही लक्षणं आहेत. कानाच्या मागे हाडावर सूज किंवा लाली येणं, आणि कान पुढे ढकलल्यासारखा बाहेर आलेला दिसणं. समोर उभं राहून दोन्ही कान एकत्र बघा, एक जास्त बाहेर वाटला तर रात्रीच निघा, आत हाडापर्यंत पू गेलेला असू शकतो. रडताना तोंड एका बाजूला वाकडं होणं, मान कडक होणं, झटके, सारख्या उलट्या, पोर इतकं सुस्त की हाक मारून उठत नाही, किंवा सात-आठ तास लघवीच नाही, यातलं काहीही असेल तर रिक्षा मिळाली तर रिक्षा, नाहीतर शेजाऱ्याची गाडी, पण मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. तीन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला तरी तेच.

कान फुटला तर

उशीवर पिवळसर डाग, आणि रात्रभर रडलेलं पोर एकदम शांत. घरचे म्हणतात घाण निघून गेली, बरं झालं. दुखणं थांबतं हे खरं, कारण पडद्याला बारीक भोक पडून ताण मोकळा झालेला असतो. असं भोक बहुतेक वेळा आपोआप भरतं, पण वर सांगितलं तसं, कान वाहिला की थांबण्याचा विषय संपला, त्याच दिवशी दाखवायचं. तोपर्यंत बाहेरचं ओल्या मऊ कपड्याने पुसायचं, आत कापूस कोंबायचा नाही, आंघोळीच्या वेळी फक्त व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी. दोन आठवड्यांनंतरही वाहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ.

दुसरी वेळ: ताप कमी, तरी अँटिबायोटिक

नोव्हेंबरमध्ये भाचा 23 महिन्यांचा, वजन 12 किलो, पाळणाघरातून सर्दी आणलेली, चार दिवस झालेले. ताप 100.6, म्हणजे जुलैपेक्षा कमीच, आणि रडणं पण कमी. बहीण म्हणाली आता मला माहितीये, दोन दिवस थांबायचं. मी म्हटलं आधी कान तर बघू दे. दोन्ही पडदे फुगलेले! दोन वर्षांच्या आत आणि दोन्ही कान, म्हणजे औषध सुरू. याच मुलांना अँटिबायोटिकचा सर्वात जास्त फायदा होतो, आणि हे ताप बघून कळत नाही.

औषध लिहिलं अमॉक्सिसिलिन. पहिली निवड तीच असते. गेल्या तीस दिवसात ते घेतलेलं असेल, किंवा कानाबरोबर डोळ्यातून पण पू येत असेल, तर क्लॅव्ह्युलेनिक ॲसिड जोडलेलं देतात, पण त्याने जुलाब जास्त होतात, त्यामुळे "जरा स्ट्राँग द्या डॉक्टर" म्हणून ते मागून घेऊ नका. तीन दिवसांचं ॲझिथ्रोमायसिन पालकांना आवडतं कारण दिवसातून एकदाच द्यायचं असतं, पण कानाच्या जंतूंवर ते कमी पडतं, पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तेव्हाची ती सोय आहे.

आता बाटलीचं गणित, ज्यात आमच्याच घरात गडबड झाली. कानासाठी अमॉक्सिसिलिनचा डोस बराच मोठा असतो, दिवसाला किलोमागे 80 ते 90 मिलिग्रॅम, दोन वेळात वाटून. 12 किलोला 80 ने धरलं तर 960, डॉक्टरांनी हिशोब सोपा ठेवायला 500 सकाळी, 500 रात्री लिहिलं. 5 एमएलमध्ये 250 मिलिग्रॅमवालं औषध, म्हणजे एका वेळेला 10 एमएल. दिवसाला 20. केमिस्टने दिली 30 एमएलची एक बाटली. म्हणजे दीड दिवस! भावोजींनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकामी बाटली बघितली, ताप उतरलेला, त्यांना वाटलं झाला कोर्स. चिठ्ठीवर दहा दिवस लिहिलं होतं, म्हणजे 200 एमएल, अशा सात बाटल्या. आणि त्या सातही एकदम पाणी घालून तयार करायच्या नाहीत, लागेल तशी एक एक, उकळून पूर्ण गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत, आधी पावडर हलवून मोकळी करायची, अर्धं पाणी, हलवा, मग फेस बसल्यावर खुणेपर्यंत उरलेलं. दर वेळी देण्याआधी पण हलवायची, नाहीतर औषध तळाशी आणि पोराच्या पोटात गोड पाणी.

हाच हिशोब उलटा पण करून बघा. 12 किलोच्या पोराला 125 वालं औषध 5 एमएल दोनदा असं लिहिलं असेल तर दिवसाला 250 मिलिग्रॅमच झालं, किलोमागे जेमतेम 21. एवढ्याने कानाचं इन्फेक्शन हटत नाही, मग "अँटिबायोटिक लागू पडलं नाही" म्हणून दुसरं, तिसरं. डॉक्टरांशी भांडू नका, पण वजन सांगून "डोस एकदा बघता का" एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

दहा दिवस लांबलचक वाटतात हे मान्य. पाचात उरकता येतं का हे तपासलेलं आहे, 2016 मध्ये 6 ते 23 महिन्यांच्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात पाच दिवसवाल्यांपैकी 34 टक्क्यांत उपचार फसले, दहा दिवसवाल्यांत 16 टक्के. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना हलक्या त्रासात सात दिवस पुरतात, पण दोन वर्षांच्या आत दहाच.

सुरू केल्यावर पहिला दिवस फारसा फरक दिसत नाही, पॅरासिटामॉल चालू ठेवायचं. 48 ते 72 तासांनी पण ताप, ठणका तसाच असेल तर परत दाखवायचं, तेव्हा डॉक्टर औषध बदलतात. जुलाब थोडे होतात, ताक, भात, पाणी चालू ठेवा. पण अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वासाला त्रास झाला तर पुढचा डोस नाही आणि लगेच डॉक्टर. आणि हे त्रास म्हणजेच थांबण्याचं दुसरं कारण, साधारण चौदा मुलांना अँटिबायोटिक दिलं की त्यातल्या एकाला उलटी, जुलाब किंवा पुरळ असा काहीतरी त्रास जास्तीचा होतो, तो ज्याला गरज आहे त्याने सोसावा, बाकीच्यांनी कशाला?

बरं झाल्यावर उरलेलं पाणी

कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांनी भाच्याला परत दाखवलं. पडदा फुगलेला नाही, लाल नाही, पण मागे पाणी अजून आहे असं डॉक्टर म्हणाले. बहिणीचा चेहरा पडला, म्हणजे परत अँटिबायोटिक? नाही. इन्फेक्शन गेल्यावर पडद्यामागचं पाणी ओसरायला आठवडे लागतात, महिन्याने पण बऱ्याच पोरांत थोडं राहिलेलं असतं, आणि ताप-ठणका नसताना त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. त्या काळात ऐकू जरा दबकं येतं, पोर हाक मारल्यावर लक्ष देत नाही आणि आपण म्हणतो हट्टी झालाय.

पाणी तीन महिन्यांनी पण तसंच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऐकण्याची तपासणी. सहा महिन्यात तीनदा किंवा वर्षात चारदा असं इन्फेक्शन झालं तरी तिकडेच. आणि न्यूमोकोकलची लस, सरकारी वेळापत्रकात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी आहे, राहिली असेल तर कार्ड घेऊन जा, सगळी इन्फेक्शनं ती थांबवत नाही पण त्या एका जंतूपासून बऱ्यापैकी वाचवते.

भाच्याचं फेब्रुवारीत बघितलं तर दोन्ही कान कोरडे. बहीण म्हणते तिला आधीच कळलं होतं, बेडरूममध्ये टीव्ही चालू असताना किचनमधे बिस्किटाच्या पुड्याचा आवाज झाला आणि हा धावत आला.